स्लॅब कोणाचा?

२० मे २०२५ रोजी दुपारी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फरशी बदलण्याचं काम चालू होतं. त्या मजल्याचा स्लॅब खचला, खालच्या स्लॅबवर आदळला, तो त्याच्या खालच्यावर, आणि असं करत तळमजल्यापर्यंत सगळं कोसळलं. सहा जण गेले. त्यांत एक लहान मूल होतं. मेलेली माणसं खालच्या घरांतली, आपापल्या कामात असलेली. पोलिसांनी फरशी बदलणाऱ्या घरमालकावर गुन्हा नोंदवला.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या इमारतींमध्ये राहणाऱ्या माणसाने या बातमीतला एक तपशील सोडू नये. फरशी घरमालकाची असते. ती ज्याच्यावर बसते तो स्लॅब मात्र त्याचा एकट्याचा नसतो. तो त्याच्यासाठी जमीन असतो, खालच्यासाठी छत, आणि इमारतीसाठी एकमेकांत अडकलेल्या सांगाड्याचा एक भाग. स्ट्रक्चरल ऑडिटचे नियम आणि दुरुस्तीच्या वर्गणीची भांडणं या एकाच सीमारेषेवर उभी आहेत : माझं घर कुठे संपतं आणि आपली इमारत कुठे सुरू होते.

सप्तशृंगीत नेमकं काय आणि किती बिघडलेलं होतं, ते ठरवणं तपास यंत्रणेचं काम. पण जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली तर काय होतं, याचा हिशेब कुणालाही करता येतो. दोन इंच जाडीचा मसाला आणि वर टाइल, एवढं धरलं तरी चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास वजन वाढतं. दहा बाय दहाच्या खोलीत ते हजार किलोच्या पुढे जातं. राहत्या घरात माणसं आणि सामान मिळून येणाऱ्या भारासाठी भारतीय मानकाने चौरस मीटरला साधारण २०० किलो धरायला सांगितलं आहे. म्हणजे त्या खोलीत पाऊल टाकण्याआधीच माणसांसाठी राखून ठेवलेल्या ताकदीपैकी निम्म्याहून अधिक नव्या फरशीने खाल्ली. स्लॅब नवा आणि धड असेल तर तो हे निभावून नेतो. सळया गंजलेल्या असतील तर कोण सांगणार? आणि जुनी फरशी फोडून काढायची म्हटली, तर तोडणी यंत्राचे हादरे त्याच गंजलेल्या स्लॅबला बसतात. सोसायटीच्या दप्तरात मात्र ही सगळी ‘सदस्याच्या घरातली अंतर्गत कामं’.

ऑडिट करायला कोण सांगतं? दोन वेगवेगळे नियम सांगतात, आणि त्यांची मुदत वेगळी आहे. सभेतला पहिला गोंधळ इथूनच सुरू होतो.

एक नियम महापालिकेचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार इमारतीला ३० वर्षं झाली की मालकाने किंवा भोगवटादाराने महापालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून इमारत राहण्यास योग्य असल्याचं प्रमाणपत्र आयुक्तांना द्यायचं. पहिलं प्रमाणपत्र ३० वर्षं पूर्ण झाल्यावर एका वर्षाच्या आत, आणि मग दर दहा वर्षांनी. ३० वर्षं मोजायची कधीपासून? काम पूर्ण झाल्याचा दाखला, राहायला परवानगी मिळाल्याची तारीख, किंवा निम्म्या बांधकामात प्रत्यक्ष माणसं राहायला आली ती तारीख, यांपैकी जी आधीची ती. डोंबिवलीत हा शेवटचा पर्याय फार कामाचा आहे. ‘आमच्याकडे ओसी नाही, त्यामुळे आमची ३० वर्षं सुरूच झालेली नाहीत’ हा युक्तिवाद या शहरात गंभीर चेहऱ्याने केला जातो. कायदा त्याला भीक घालत नाही. विजेचं पहिलं बिल आणि मालमत्ता कराची पहिली पावती पुरेशी बोलकी असते. प्रमाणपत्र दिलं नाही तर दंड २५,००० रुपये किंवा वर्षाच्या मालमत्ता कराइतकी रक्कम, जे जास्त असेल ते.

दुसरा नियम सहकार खात्याच्या आदर्श उपविधींचा. तो अधिक कडक आहे. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी. महापालिका तिसाव्या वर्षी जागी होते, उपविधी पंधराव्या वर्षी. माझ्या मते शहाणा नियम उपविधींचा आहे. पंधराव्या वर्षी छज्जे आणि गच्ची यांच्यावर भागणारं काम तिसाव्या वर्षी कॉलमपर्यंत पोचलेलं असतं.

ठाणे महापालिका १९८२ सालची आणि कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ सालची. लोकल धरून मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांसाठी त्या सुमारास आणि त्यानंतरच्या दशकात इथे ज्या तळ अधिक तीन, तळ अधिक चार मजल्यांच्या इमारती उठल्या, त्या सगळ्या आता या दोन्ही नियमांच्या टप्प्यात आहेत. आणि एक गोष्ट मुंबईतून इकडे आलेल्यांच्या लक्षात येत नाही. गिरगाव, लालबागच्या उपकरप्राप्त चाळींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. ते फक्त मुंबई शहरापुरतं. ठाणे खाडीच्या अलीकडे तसं कोणी नाही. इथे दुरुस्तीचा पहिला आणि शेवटचा रुपया सदस्यांच्या खिशातून येतो.

जुनी इमारत कोसळते म्हणजे काय, हे २०१५ साली एका आठवड्यात दोनदा दिसलं होतं. २८ जुलैला ठाकुर्लीतली मातृछाया इमारत कोसळली, नऊ जण गेले. ४ ऑगस्टच्या पहाटे ठाण्यात नौपाड्याच्या बी केबिन भागात कृष्णा निवास कोसळली, बारा जण गेले. धोकादायक इमारतींच्या याद्या तेव्हाही पावसाळ्याआधी निघत होत्या, आजही निघतात. त्या याद्यांत इमारतीपुढे सी१, सी२ए, सी२बी, सी३ अशी अक्षरं असतात. सी१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी३ म्हणजे किरकोळ. वर्गणीच्या दृष्टीने मधली दोन अक्षरं सर्वांत महागडी. सी१ मध्ये दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही, सी३ देखभाल निधीत भागतं. पैसे उभे करायचे असतात ते सी२ मध्ये, आणि सी२ए असेल तर दुरुस्तीच्या वर्गणीवर दुसऱ्या घराचं भाडंही येतं.

आता ऑडिट म्हणजे काय ते बघू. बाजारात त्याचे दोन प्रकार मिळतात. एकात इंजिनिअर सकाळी येतो, जिन्याने वर जातो, मोबाइलवर फोटो काढतो, चहा घेतो, आणि आठवड्याने स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल देतो. दुसऱ्यात इमारतीला थोडी इजा होते. काँक्रीट आतून कसं आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून ही इजा लागतेच.

काँक्रीट ताजं असतं तेव्हा ते तीव्र अल्कधर्मी असतं, आणि त्या अवस्थेत आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि हा अल्कधर्म बाहेरून आतल्या दिशेने मारत जातो. ही सीमा सळईपर्यंत पोचली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पटींनी जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुगतं, तडकतं, आणि एक दिवस स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा ओट्यावर पडतो. इथे आणखी एक वाट आहे. काल्हेर, मुंब्रा, डोंबिवलीचा मोठागाव, या खाडीकाठच्या रेतीबंदरांवरून एके काळी बांधकामाला रेती जात असे. खाडीची रेती नीट धुतली नाही तर क्षार काँक्रीटमध्येच राहतात, आणि मग गंजाला बाहेरून आत यावं लागत नाही. त्यात छताच्या सळईवरचं काँक्रीटचं आवरण त्या काळच्या मानकात १५ मिलिमीटर चालत होतं. प्रत्यक्षात सेंट्रिंगवाल्याने सळई थेट फळीवरच ठेवली असेल तर तेवढंही नाही.

म्हणून चांगल्या ऑडिटमधली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी कार्बोनेशनची. कॉलमवरचं प्लास्टर काढून काँक्रीटचा थोडा भाग फोडायचा आणि ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडायचं. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, मेलेलं रंगहीन राहतं. रंगहीन पट्टा किती मिलिमीटर आणि सळई किती मिलिमीटरवर, हे दोन आकडे शेजारी ठेवले की सांगाड्याचं बरंचसं भविष्य कळतं. पट्टा २५ आणि सळई १५ वर असेल तर गंजाचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे, तुमच्या विरुद्ध.

याच्या जोडीला हाफ-सेल चाचणी असते. सळईला तार जोडून काँक्रीटच्या पृष्ठभागावर विद्युतदाब मोजतात. तांब्याच्या इलेक्ट्रोडवर आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला की आत गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनीचा वेग मोजतात. सेकंदाला साडेतीन ते साडेचार किलोमीटर चांगला, तीनच्या खाली शंकास्पद. आणि रिबाउंड हॅमर, ज्याचे आकडे जवळपास प्रत्येक अहवालात असतात कारण ते काढायला सोपे असतात. हॅमरच्या आकड्यांना एकटं कधी मानू नये. कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटची कातडी उलट टणक होते, त्यामुळे आजारी कॉलम हॅमरवर तंदुरुस्त दिसू शकतो. प्लास्टरवरूनच हॅमर मारला असेल तर तो अहवाल बाजूला ठेवावा.

सचिवाला इंजिनिअर असायची गरज नाही. अहवाल हातात आला की त्याने तीन गोष्टी बघाव्यात. प्रत्येक आकड्यापुढे कुठला कॉलम, कुठला मजला हे लिहिलं आहे का? प्रत्येक घराच्या आत जाऊन पाहणी झाली का, की बंद आणि भाड्याच्या घरांपुढे नुसता डॅश आहे? शेवटी दुरुस्तीचं परिमाणपत्रक आहे का, म्हणजे कोणतं काम किती चौरस फूट, किती रनिंग फूट? हे पत्रक नसेल तर कंत्राटदार ‘सगळं मिळून’ असा आकडा देतो, आणि वर्गणीचं भांडण त्याच दिवशी पेरलं जातं. सोसायटीला योग्य नोटीस देऊन सदस्याच्या घरात पाहणीसाठी जाण्याचा अधिकार उपविधींनी दिलेला आहे. तो वापरायला कमिटी संकोचते, कारण आत फॉल्स सीलिंग असतं आणि ते काढायला लागलं तर कोण बोलणार. पण पोपडे सुटलेला स्लॅब फॉल्स सीलिंगच्या वरच असतो, आणि पुष्कळदा ते सीलिंग पोपडे झाकायलाच लावलेलं असतं.

आता हिशेबासाठी एक इमारत धरू. डोंबिवली पूर्वेला अशा शेकडो आहेत, ही त्यांतली कुठलीही समजा. १९८८ साली बांधलेली, तळ अधिक चार. वरच्या चार मजल्यांवर १६ घरं : आठ ३५० चौरस फुटांची, आठ ५५० चौरस फुटांची. तळाला रस्त्याच्या बाजूने १५० चौरस फुटांचे चार गाळे, मागे जिना आणि पार्किंग. एकूण २० सदस्य, ७,८०० चौरस फूट. ऑडिटमध्ये सी२बी आलं. तळाच्या कॉलमना जॅकेटिंग, संडासांच्या बाजूच्या बीम आणि स्लॅबना गंज साफ करून पॉलिमर मसाला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेज लाइन बदलणं, बाहेरचा गिलावा. सल्लागाराची फी आणि कंत्राटदाराच्या बिलावरचा जीएसटी धरून ४६,८०,००० रुपये.

विशेष सर्वसाधारण सभेत पहिला हात वर होतो : ‘समान भागा. कायद्याने मेंटेनन्स समानच असतो.’ हे अर्धसत्य आहे, आणि ते कुठून आलं हे सांगण्यासारखं आहे. सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, झाडूवाला, जिन्यातले दिवे, कार्यालयीन खर्च, हे घर लहान असो वा मोठं, सर्वांना समान. मोठ्या घरांकडून क्षेत्रफळाप्रमाणे सेवाशुल्क घेणाऱ्या व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने समान वाटपाच्या बाजूने कौल दिला. तर्क सरळ होता : वॉचमन मोठ्या घराची जास्त राखण करत नाही. त्या निकालानंतर ‘समान’ हा शब्द लोकांच्या डोक्यात सगळ्याच शुल्कांना चिकटला. प्रत्यक्षात उपविधींनी प्रत्येक शुल्काला वेगळं माप दिलेलं आहे. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. लिफ्ट समान, तळमजल्यावर राहून ती कधी न वापरणाऱ्यालाही. नेहमीच्या दुरुस्तीचा निधी घराच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी, जेव्हा सर्वसाधारण सभा ठरवेल तेव्हा, क्षेत्रफळाच्या प्रमाणात.

आपल्या इमारतीत दोन्ही पद्धतींनी भागून बघू. समान भागलं तर प्रत्येकी २,३४,००० रुपये. क्षेत्रफळाने भागलं तर चौरस फुटाला ६०० रुपये : लहान घराला २,१०,०००, मोठ्या घराला ३,३०,०००, गाळ्याला ९०,०००. समान वाटपात मोठ्या घरांचे प्रत्येकी ९६,००० रुपये वाचतात, म्हणजे आठ घरांचे ७,६८,०००. ते भरतं कोण? लहान घरवाले प्रत्येकी २४,००० जास्त देऊन १,९२,००० उचलतात, आणि चार गाळेवाले प्रत्येकी १,४४,००० जास्त देऊन उरलेले ५,७६,०००. म्हणून सभेत ‘समान’चा आग्रह कोण धरतो आणि गाळेवाले अचानक उपविधींचं पुस्तक घेऊन का येतात, हे आकड्यांतच दिसतं. घरवाले बहुसंख्य असल्याने ठराव कसाही होऊ शकतो. पण उपविधीला धरून नसलेला ठराव उद्या निबंधकापुढे टिकत नाही, आणि वसुली त्या ठरावावर उभी असते.

गाळेवाल्यांकडूनही एक ठरलेला युक्तिवाद येतो : ‘आमच्या डोक्यावर गच्ची नाही, आमचा जिना नाही, आम्ही फक्त समोरच्या शटरचे.’ त्याला उत्तर सांगाड्यात आहे. जॅकेटिंग तळाच्या कॉलमना होतं, आणि ते कॉलम गाळ्यांमध्येच उभे असतात. उलट चौथ्या मजल्यावरचा म्हणतो की गळती माझी, बाकीच्यांना काय पडलंय. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत आणि त्यावरचा गिलावा खराब झाला तर ते काम सोसायटीचं, असं उपविधींत स्पष्ट लिहिलेलं आहे. बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनीतून होणारी गळती, जिने, गच्ची आणि तिचा कठडा, सर्व घरांच्या छतांची संरचनात्मक दुरुस्ती, हे सगळं सोसायटीच्या खर्चात. सदस्याच्या खर्चात येतं ते त्याच्या संडास-बाथरूममधून किंवा सिंकमधून खाली गळणारं पाणी आणि घरातलं बाकी काम.

वादाचा खरा तुकडा या दोहोंच्या मध्ये असतो. तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग बारा वर्षं गळलं, आणि त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या स्लॅबच्या सळया गंजल्या. गळती बंद करण्याचा खर्च तिसऱ्याचा, याबद्दल वाद नाही. स्लॅबच्या दुरुस्तीचं काय? स्लॅब सामाईक, पण नुकसान एकाच्या दुर्लक्षाने. अशा वेळी मी तरी सोसायटीने स्लॅब आधी सामाईक निधीतून दुरुस्त करावा आणि दुर्लक्षाचा खर्च त्या सदस्याकडून नंतर वसूल करावा, या मताचा आहे. जबाबदारी ठरेपर्यंत थांबलं तर गंज थांबत नाही. पण वसुली करायची असेल तर त्या सदस्याला गळतीबद्दल दिलेल्या लेखी नोटिसांची तारीखवार फाइल हवी. जिन्यात भेटल्यावर केलेली विनंती निबंधकाला दाखवता येत नाही. गॅलरी बंद करून किंवा भिंत हलवून कुणी सांगाड्यावर भार टाकला असेल तर ऑडिटमध्ये त्या घराचा क्रमांक घालून नोंद करून घ्यावी. नुसतं ‘काही ठिकाणी अनधिकृत बदल आढळले’ असं मोघम वाक्य वसुलीत कुचकामी ठरतं.

क्षेत्रफळाच्या हिशेबातही एक साधी गफलत होते. कुणाच्या करारनाम्यात कार्पेट लिहिलेलं असतं, कुणाच्या बिल्टअप. सगळे आकडे एका यादीत आले की बिल्टअपवाला विनाकारण जास्त भरतो. सभेआधी सगळ्यांचं एकाच मापाचं क्षेत्रफळ काढून, प्रत्येकाला लेखी कळवून, हरकती घेऊन मगच दर ठरवावा. सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली डिक्लेरेशन झालेलं असेल, तर प्रश्नच वेगळा : तिथे खर्च डिक्लेरेशनमध्ये लिहिलेल्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्क्यांप्रमाणे. शेजारच्या सोसायटीचा ठराव उचलून आपल्या अपार्टमेंटमध्ये लावता येत नाही.

सभेतला पुढचा प्रश्न हमखास येतो : ‘इतकी वर्षं सिंकिंग फंड भरतोय, तो कुठे गेला?’ प्रश्नात संशय असतो, आणि काही ठिकाणी तो बरोबरही असेल. पण प्रामाणिक कमिटी असली तरी उत्तर निराशाजनक आहे. सिंकिंग फंड उपविधींनी घराच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के ठेवला आहे, आणि हा खर्च म्हणजे इमारत बांधली तेव्हाचा, जमिनीची किंमत वगळून. आपल्या १९८८ च्या इमारतीत तो चौरस फुटाला २०० रुपये होता असं समजू. ५५० फुटांच्या घराचा बांधकाम खर्च १,१०,००० रुपये, त्याचा सिंकिंग फंड वर्षाला २७५ रुपये. साऱ्या इमारतीचा मिळून वर्षाला ३,९००. ३० वर्षांत १,१७,०००. बँकेत आठ टक्के चक्रवाढीने एकदाही न मोडता ठेवला तरी साडेचार लाखांच्या आत. ज्या कामाला ४६,८०,००० हवेत त्याच्या एक दशांशाहून कमी.

फंड कुणी खाल्ला नाही. तो १९८८ च्या भावात अडकून पडला आणि सिमेंट, लोखंड, मजुरी पुढे निघून गेली. उपविधीतला शब्द ‘किमान’ आहे, त्यामुळे सभेला दर वाढवायला आडकाठी नव्हती. पण महिन्याला २३ रुपयांच्या जागी ५०० करा म्हणणारा सचिव पुढच्या निवडणुकीत घरी बसतो, हेही खरं. फंड वापरायलाही सर्वसाधारण सभेचा ठराव आणि मोठी दुरुस्ती आवश्यक असल्याचं वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र लागतं. गेटच्या नव्या नावफलकासाठी किंवा रंगकामासाठी त्याला हात लावणं बसत नाही, आणि लावला जातो.

मग पैसे उभे कसे करायचे? आपल्या इमारतीत बारा हप्ते ठरले असं समजू. मोठ्या घराला महिन्याला २७,५०० रुपये, लहानाला १७,५००, गाळ्याला ७,५००. इथे कराचा एक खड्डा आहे. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली आणि सदस्याचं मासिक शुल्क ७,५०० च्या पुढे गेलं की सदस्यांच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटीचा प्रश्न येतो. एरवी वर्षाला सहा-सात लाख गोळा करणारी सोसायटी दुरुस्तीच्या वर्षी अचानक या उंबरठ्याच्या पलीकडे जाते. कंत्राटदाराच्या बिलावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते का, हप्ते कसे लावावेत, हे ठराव होण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारावं. ठरावानंतर विचारलं तर तो फक्त खेद व्यक्त करतो.

कमिटीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर खर्च करता येतो तो आदर्श उपविधींप्रमाणे २५ सदस्यांपर्यंतच्या सोसायटीत २५,००० रुपये. त्यापुढे सगळं सर्वसाधारण सभेत. म्हणून एकाच सभेत सगळं ठरवण्याचा मोह टाळावा. पहिल्या सभेत अहवाल आणि वाटपाचं सूत्र, आणि निविदा आल्यावर दुसऱ्या सभेत आकडा, कंत्राटदार, हप्ते. सूत्र आकड्याआधी ठरलं तर लोक तत्त्वावर बोलतात. आकडा समोर आल्यावर प्रत्येक जण आधी मोबाइलवर स्वतःचा हिस्सा काढतो आणि मग तत्त्व शोधतो.

कंत्राटात दोन गोष्टी सांगाड्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या. एक, प्लास्टर फोडल्यावर खराबी अंदाजापेक्षा जास्त निघते, जवळपास नेहमीच. त्यामुळे परिमाण किती टक्क्यांपर्यंत वाढलं तर सल्लागार मंजूर करेल आणि त्यापुढे सभेत यावं लागेल, हे आधीच लिहावं, आणि प्रत्येक वाढीव मोजमापाचा फोडलेल्या अवस्थेतला फोटो ठेवावा. मसाला मारल्यावर आत काय होतं हे कुणालाही सिद्ध करता येत नाही. दुसरी, कामाचा क्रम. खालून वर, आधी टेकू, मग कॉलम, मग बीम, मग स्लॅब, मग गिलावा, शेवटी रंग. पैसे कमी पडले की जे राहतं ते शेवटचं काम असावं. पुष्कळ इमारतींत उलट होतं : रंग दिसतो म्हणून तो आधी पूर्ण होतो आणि तळाचे दोन कॉलम ‘पुढच्या टप्प्यात’ जातात.

आणि पैसे कमी पडतात. आपल्या वीस सदस्यांपैकी दोन मोठ्या घरांनी आणि एका लहान घराने भरले नाहीत, तर ८,७०,००० रुपये कमी येतात, जवळपास एकोणीस टक्के. एकाचा मुलगा परदेशात आणि घर बंद, एकाला ‘पुनर्विकास होणारच आहे’ असं वाटतं, एक खरोखर अडचणीत. बंद घराला सूट नाही, घर वापरात नसलं तरी कॉलमवर वरच्या मजल्यांचा भार तेवढाच. पुनर्विकासाची वाट बघणाऱ्याला एवढंच विचारावं की बिल्डरशी करार झाला आहे का, आणि झाला असेल तर इमारत रिकामी होईपर्यंत ती उभी कशावर राहणार. अडचणीतल्याला हप्ते वाढवून देता येतात, पण तो निर्णय सभेने घ्यावा, सचिवाने जिन्यात नव्हे.

उरलेल्यांसाठी कायदा ठीकठाक आहे. थकबाकीवर उपविधींप्रमाणे दरसाल २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातल्या कलम १५४बी-२९ खाली सोसायटी निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करू शकते, आणि दाखला मिळाल्यावर थकबाकीदाराच्या मालमत्तेवर टाच येऊ शकते. निबंधक तिथे काय बघतात? सभेची सूचना वेळेत सर्वांना गेली का, विषयपत्रिकेत हा विषय होता का, ठराव इतिवृत्तात नीट लिहिला का, वाटप उपविधीप्रमाणे आहे का, बिल आणि मागणीपत्र दिलं का. इमारत किती धोकादायक होती हा प्रश्न तिथे गौण. चांगल्या कामाचा पैसा वाईट इतिवृत्तामुळे अडकलेला मी पाहिला आहे, आणि ते इतिवृत्त लिहिणारा माणूस मनापासून राबलेला होता.

मधल्या काळात घर विकलं जातं. डोंबिवलीत दुरुस्ती चालू असताना ‘रंग लागायच्या आत’ किंवा ‘रंग लागल्यावर’ विकायचं, याचेही हिशेब असतात. आपल्या इमारतीतल्या एका मोठ्या घराने पाच हप्ते, १,३७,५०० रुपये भरून घर विकायला काढलं असं समजा. उरलेले १,९२,५०० कोणी भरायचे? विकणारा म्हणतो, मी तर इथे राहणार नाही. घेणारा म्हणतो, मला हे कुणी सांगितलं नाही. सोसायटीने इथे मध्ये पडून न्याय करू नये. ठरावातच लिहून ठेवावं की संपूर्ण हिस्सा ठरावाच्या तारखेला देय झाला असून हप्ते ही फक्त भरण्याची सवलत आहे, आणि हस्तांतरण झालं तर उरलेली रक्कम एकरकमी भरावी लागेल. मग ना-हरकत दाखला मागायला आलेल्या विक्रेत्याला थकबाकीच्या पत्रावर पूर्ण १,९२,५०० चा आकडा मिळतो, घेणाऱ्याची बँक तो वाचते, आणि त्या दोघांचं काय ते त्यांच्या करारनाम्यात ठरतं. हे एक वाक्य नसेल, तर पुढचे सात महिने कंत्राटदाराचं बिल उरलेले एकोणीस जण सांभाळतात.